सामान फुटलं, विमाही होता, तरी क्लेम का फेटाळला जातो?

पुण्यात घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत मी क्लेमचं टेबल सांभाळते. माझ्याकडे येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते, "मॅडम, आम्ही इन्शुरन्सचे पैसे भरले होते हो." पैसे भरलेलेच असतात. अडतं ते त्यापुढे, आणि दरवेळी त्याच चार-पाच जागी. पॅकिंग, गाडी, चढवणं-उतरवणं यांबद्दल सगळेच लिहितात. मी फक्त त्या अडणाऱ्या जागांबद्दल लिहिते.

पहिली अडचण अशी की, अनेकांकडे विमा नसतोच. कोटेशनमध्ये भाडं, पॅकिंग आणि लेबर यांच्याखाली एक ओळ असते, 'एफओव्ही 3 टक्के' किंवा 'रिस्क कव्हरेज'. एफओव्ही म्हणजे मालाच्या किमतीवर लावलेला आकार. ग्राहकाला तो विमा वाटतो. ती रक्कम मूव्हरने स्वतःकडे ठेवलेली असू शकते. तसं असेल, तर भरपाई किती मिळेल हे त्याच्या मर्जीवर आणि बिल्टीच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या, मागच्या बारीक अक्षरांवर ठरतं. विमा फक्त विमा कंपनी देते. त्यामुळे सामान निघण्याआधी विमा कंपनीच्या नावाचं, पॉलिसी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र मागा. मूव्हरच्या लेटरहेडवर 'युअर गुड्स आर इन्शुअर्ड' असं छापलेलं असेल, तर त्याची किंमत लेटरहेडइतकीच. प्रमाणपत्र आलं की त्यावर विमाधारक म्हणून तुमचं नाव आहे ना, हेही बघा. पॉलिसी मूव्हरच्या नावावर आणि तुमचं नाव कुठेच नाही, अशा वेळी क्लेम करायचा कोणी, इथपासूनच वाद सुरू होतो.

विमा घेण्याची पात्रता साधी आहे. सामान तुमचं हवं, त्याची किंमत लिहून दिलेली हवी आणि प्रवास सुरू होण्याआधी हप्ता भरलेला हवा. गाडी खंबाटकी घाटात पोचल्यावर "आता करून टाका ना" म्हणणारे भेटतात. तसं होत नाही. रोख रक्कम, दागिने आणि महत्त्वाची कागदपत्रं सहसा विम्यात बसत नाहीत. ती स्वतःबरोबर न्या.

विम्याचा प्रकारही विचारून घ्या. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठीच्या कलमांमध्ये 'ए' सगळ्यात व्यापक असतं. 'बी'मध्ये आग, वीज, गाडीची टक्कर, गाडी उलटणं अशी नावानिशी दिलेली कारणंच धरली जातात. गाडी उलटली नाही, पण खड्ड्याने काचेचं कपाट तडकलं, तर 'बी'वाल्याच्या हाती काही लागत नाही. घरगुती सामानाचं नुकसान अशा खड्ड्यांनीच होतं, गाड्या रोज थोड्याच उलटतात!

आता किंमतपत्रक. इथे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. पुण्याहून बंगळूरला बदली झालेल्या एका जोडप्याचं उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. घरातल्या सामानाची तेव्हाची खरी किंमत साधारण 4 लाख. हप्ता दीड टक्का धरला तर 6,000 रुपये. दादांनी 2 लाख लिहिले आणि 3,000 वाचवले. टीव्हीचा पॅनल फुटला, नुकसान 40,000 चं. त्यांचा हिशोब असा की, 40,000 हे 2 लाखांच्या आतच आहेत, म्हणजे पूर्ण मिळणार. विमा कंपनीचा हिशोब वेगळा. तुम्ही निम्म्याच किमतीचा विमा उतरवलात, म्हणजे उरलेल्या निम्म्याची जोखीम तुमची, म्हणून 20,000. वाचवलेले 3,000 वीस हजारांना पडले. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण फोन स्पीकरवर होता आणि त्यांचा सुस्कारा मला ऐकू आला.

किंमत लिहायची ती आजची, वापरलेल्या वस्तूची. आठ वर्षांपूर्वीच्या फ्रिजला नव्याचा भाव लावलात तरी घसारा कापला जाणारच. आणि 'घरगुती सामान, 2 लाख' अशी एकच ओळ लिहू नका. वस्तूनिहाय यादी करा. वस्तू यादीत नसेल, तर ती गाडीत होती हे सिद्ध करताना दमछाक होते.

मग येतो तो कागद, जो कोणाकडेच नसतो, म्हणजे खरेदीचं बिल. सोफा सासऱ्यांनी दिलेला, वॉशिंग मशीन दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेलं, बिल कुठल्याशा पिशवीत, पिशवी कुठे ते देवाला ठाऊक. बिल नाही म्हणून हातपाय गाळू नका. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरच्या नोंदीतून बिल परत काढता येतं. कार्डाचं स्टेटमेंट, वॉरंटी कार्ड किंवा हप्त्यांवर घेतलं असेल तर कर्जाची पावती चालू शकते. आणि वस्तू बांधण्याआधी टीव्ही-फ्रिजच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा, मॉडेल आणि सीरिअल नंबर वाचता येईल असा. तो काढायला दोन मिनिटं लागतात, पण क्लेमच्या वेळी मी मागितला की दहातले आठ जण गप्प होतात.

त्याच वेळी टीव्ही सुपरवायझरसमोर सुरू करा आणि पॅकिंगच्या यादीत 'चालू स्थितीत' लिहून घ्या. वापरलेल्या उपकरणांच्या विम्यात एक अट सहसा असते. बाहेरून काही आदळल्याची खूण नसेल आणि आतलं यंत्रच बंद पडलं असेल, तर भरपाई नाही. 'चालू स्थितीत' या शेऱ्याने ती अट टळत नाही. पण पुठ्ठा चेपलेला आहे आणि टीव्हीही बंद आहे, अशा वेळी "आधीपासूनच बंद होता" असं कोणी म्हणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट, ती सांगायला मला स्वतःला बरं वाटत नाही. क्रोकरी आईंनी स्वतःच्या हाताने, जुन्या साड्यांमध्ये गुंडाळून, प्रेमाने भरलेली असते. ग्राहकाने स्वतः भरलेलं खोकं फुटलं, की 'पॅकिंग अपुरं' या कारणाने क्लेम नाकारायला विमा कंपनी मोकळी असते. काचसामान पॅकरलाच भरू द्या. आईंना त्या वेळी चहाला बसवा.

सगळ्यात जास्त क्लेम बुडतात ते डिलिव्हरीच्या सहीवर. चित्र नेहमीचं असतं. रात्रीचे अकरा वाजलेत, लिफ्ट बंद आहे, लेबर दमलंय, मुलं झोपायला आलीत. ड्रायव्हर कागद पुढे करतो, "साहेब, सही द्या, पुढे अजून एक पॉइंट आहे." कागदावर आधीच छापलेलं असतं, 'माल सुस्थितीत मिळाला'. तुम्ही सही करता. खोकी रविवारी उघडता आणि सोमवारी मला फोन करता. त्या छापील ओळीखालची तुमची सही विमा कंपनीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लागलेली असते.

सही जरूर करा, पण आधी ती ओळ खोडा आणि आपल्या हाताने असं काहीतरी लिहा, "एकूण 42 नग मिळाले. नग 17 चेपलेला, नग 23 ओला. खोकी न उघडता माल घेतला, आतली तपासणी बाकी." त्या कागदाचा ड्रायव्हरच्या देखत फोटो घ्या. तो कुरकुर करेल, करू दे.

दुसऱ्या दिवशी खोकी उघडा. पुढच्या रविवारची वाट बघू नका. नुकसान दिसलं की त्याच दिवशी विमा कंपनीला आणि मूव्हरला, दोघांनाही ईमेल करा. नुकसान कळवण्याची मुदत प्रमाणपत्रावर असते, ती आधीच वाचून ठेवा. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटलेली वस्तू, तिचा बबल रॅप आणि पुठ्ठा फेकू नका. पॅकिंग कसं होतं हे सर्व्हेअर त्यावरूनच ठरवतो.

क्लेमच्या फाइलमध्ये काय लागतं? क्लेम फॉर्म, विम्याचं प्रमाणपत्र, बिल्टी, किमतींसह यादी, शेरा लिहिलेली डिलिव्हरी पावती, फोटो, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. अपघात किंवा चोरी असेल तर पोलिसांचा कागद. हे सगळं जमतं. अडतं ते डॅमेज सर्टिफिकेटवर, म्हणजे नुकसान झाल्याचं मूव्हरने लिहून द्यायच्या पत्रावर. खरं सांगायचं, तर हे पत्र द्यायला आमच्या धंद्यातल्या लोकांच्या जिवावर येतं. कारण विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर तुमच्या जागी उभी राहून आमच्याकडे वसुलीला येऊ शकते. म्हणून "बघतो, उद्या पाठवतो" चालू होतं. तोंडी मागत बसू नका. लेखी मागा.

त्याच लेखी पत्रात मूव्हरकडे नुकसानीची मागणीही नोंदवा. रस्ते मालवाहतूक कायदा, 2007 प्रमाणे वाहतूकदारावर दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्यापासून 180 दिवसांत. लोक डिलिव्हरीपासून मोजतात, किंवा विम्याचा निकाल लागल्यापासून. बिल्टीवरची तारीख धरा. ही नोटीस राहिली तर विमा कंपनीचीही वसुली अडते, आणि मग तुमच्या क्लेमला कात्री लागण्याची भीती असते.

विमाच नसेल, तर त्याच कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, पण तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. भाडं 22,000 असेल तर वरची मर्यादा 2,20,000. आता बिल्टी बघा. 'जुनं घरसामान, किंमत 10,000' असं लिहिलेलं असेल, तर मर्यादा 10,000. हा आकडा कारकून अंदाजाने टाकतो आणि ग्राहक न वाचता सही करतो.

राहिली विम्याच्या अटींमधल्या सात दिवसांची गोष्ट. 'सात दिवस' वाचून लोकांना वाटतं, क्लेम करायला सात दिवस आहेत. तसं नाही. सामान घरी पोचवलं की विमा संपतो. घरी पोचवलं नसेल, तर गाडी मुक्कामाच्या गावी पोचल्यावर नेहमीच्या कलमांनुसार जास्तीत जास्त सात दिवस तो चालू राहतो. नागपूरला गेलेल्या एका कुटुंबाचा नवा फ्लॅट तयार नव्हता. सामान तिथल्या गोदामात सोळा दिवस राहिलं आणि पावसाच्या पाण्याने गाद्या भिजल्या. विमा आठव्या दिवसापासून नव्हताच. चाव्या मिळायला उशीर होणार असं दिसलं, की साठवणुकीच्या काळासाठी मुदतवाढ आधी लेखी घ्या. पाणी शिरल्यावर ती मिळत नाही.

क्लेम फेटाळला तर कारण लेखी मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याचं कार्यालय मुंबईत आहे आणि पुण्यातही. फी नाही, वकील लागत नाही, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. मूव्हरविरुद्धची तक्रार तिथे चालत नाही. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे सगळ्यात आधी मागतात ती शेरा लिहिलेली डिलिव्हरी पावती.