लोककथांच्या खेळासाठी अनुदान: छोट्या स्टुडिओचा अर्ज, अंदाजपत्रक आणि टप्पे

लोककथा जतन करणाऱ्या खेळाचा अर्ज वाचायला घेतला की मी आधी एकच गोष्ट शोधते. खेळ अर्धवट राहिला, तर कथा वाचणार का? बहुतेक अर्जांत याचं उत्तर नसतं. कथा ऐकायच्या, त्यांवर पटकथा लिहायची आणि खेळ बनवायचा, एवढंच त्यांत मांडलेलं असतं. अशा अर्जातून खेळ तयार होईल, पण जतन होईलच असं नाही. म्हणून अर्जात दोन वेगळ्या निष्पत्ती लिहा: एक, खेळाशिवायही वापरता येईल असा मूळ कथनांचा संग्रह, आणि दुसरी, त्यावर उभा राहिलेला खेळ. पुढचं सगळं या विभागणीवर अवलंबून आहे.

समजण्यासाठी एक नमुना धरू. तीन जणांचा स्टुडिओ, सहा कथा, मुदत बारा महिने. प्रत्येक कथा दोन वेगळ्या कथेकऱ्यांकडून ऐकायची, कारण लोककथेचं एकच ‘खरं’ रूप नसतं आणि एकच रूप नोंदवलं तर उरलेली रूपं हळूहळू त्याखाली दबतात. गप्पा धरून प्रत्येक कथनाला एक तास लागतो, म्हणजे एकूण बारा तासांचं ध्वनिमुद्रण.

पात्रता

इथे फार अडत नाही. स्टुडिओची कायदेशीर नोंदणी, संस्थेच्या नावाचं बँक खातं, मागील वर्षांचे हिशेब आणि आधी पूर्ण केलेलं एखादं काम, एवढं बहुधा मागतात. दोन अटी मात्र लक्ष देऊन वाचा. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च सहसा ग्राह्य धरत नाहीत. आणि अनुदान एकूण खर्चाचा काही हिस्साच देणार असेल, तर उरलेल्या हिश्शात स्वतःचं श्रमदान धरता येतं की रोख रक्कमच दाखवावी लागते, हे जाहिरातीच्या मजकुरात पाहा. तिथे स्पष्ट नसेल, तर लेखी विचारा.

कागदपत्रं

खरी मेहनत संमतीपत्रात आहे. ‘लोककथेचा कुणी लेखक नसतो, मग परवानगी कुणाची घ्यायची?’ असं अनेकांना वाटतं. पण कथा जरी सगळ्यांची असली, तरी तिचं कथन ती सांगणाऱ्या व्यक्तीचं असतं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६च्या सादरीकरण आणि ध्वनिमुद्रणविषयक कराराने कलावंताच्या व्याख्येत लोकपरंपरेतील आविष्कार सादर करणाऱ्यांनाही धरलं आहे. युनेस्कोच्या २००३च्या अमूर्त वारसाविषयक करारातही वारसा जपणाऱ्या समाजाच्या सहभागावर भर आहे.

म्हणून ‘सर्व हक्क दिले’ अशी एका ओळीची सही घेऊ नका. ध्वनिमुद्रण करणं, संग्रहात ठेवणं, लोकांना ऐकवणं, खेळासाठी कथेत बदल करणं आणि तो खेळ विकणं या पाच वेगळ्या परवानग्या आहेत. प्रत्येकीपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला जागा हवी. एखादी आजी मुद्रणाला आनंदाने तयार होईल, पण शेवट बदलायला नकार देईल. तो नकार कागदावर आला, की खेळाच्या रचनाकाराला वेळेत कळतो. संमती कधीपर्यंत मागे घेता येईल आणि घेतल्यास कोणत्या फायली काढल्या जातील, हेही लिहा. अलास्कातील इनुपियाक समाजासोबत बनलेला ‘नेव्हर अलोन’ हा २०१४चा खेळ ज्या कथनावर आधारला आहे, त्याचे कथेकरी हयात नव्हते. तेव्हा निर्मात्यांनी त्यांच्या मुलीची परवानगी घेतली.

संमतीपत्राचा कोरा नमुना आणि निदान दोन कथेकऱ्यांची तत्त्वतः तयारी दाखवणारी पत्रं अर्जाला जोडा. त्यासोबत संग्रह स्वीकारायला तयार असलेल्या ग्रंथालयाचं किंवा अभिलेखागाराचं पत्र हवं. हे पत्र मिळायला वेळ लागतो, ते सगळ्यात आधी मागा.

अंदाजपत्रक

एकूण खर्च १०० भाग धरू. तिघांचं मिळून २४ महिन्यांचं काम, महिन्याला २ भाग, म्हणजे ४८ भाग. कथेकऱ्यांचं मानधन १४, प्रवास व ध्वनिमुद्रण १२, लिप्यंतर व भाषांतर ४, संगीत व आवाज ८, चाचणी ४, संग्रह सोपवणं ३, लेखापरीक्षण २ आणि अनपेक्षित खर्च ५.

समिती आकड्यापेक्षा तो कुठून आला हे पाहते. लिप्यंतराचंच, म्हणजे मुद्रित कथन ऐकून शब्दशः लिहून काढण्याचंच घ्या. बोलीतल्या एका तासाच्या कथनाला १० तास धरले, तर बारा तासांचे १२० तास होतात. भाषांतराचे तेवढेच. कथेकऱ्यांना वाचून दाखवून दुरुस्त करायला आणखी ४०. एकूण २८० तास, म्हणजे आठ तासांचे ३५ दिवस. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर सुमारे १.६ महिने, अर्थात सव्वातीन भाग. बोलीच्या जाणकाराचं मानधन मिळवलं की चार. प्रत्येक ओळीखाली असा चार वाक्यांचा हिशेब द्या.

मानधन १४ भाग का, हा प्रश्न हमखास येतो. कथेकरी फक्त मुद्रणाच्या दिवशी लागत नाहीत. लिप्यंतर तपासायला आणि खेळातलं रूप पाहून मान्यता द्यायला त्यांना पुन्हा दोनदा बसावं लागतं. त्या दोन बैठका टप्प्यांतही दिसल्या, तर आकडा पटतो.

टप्पे आणि हप्ते

हप्त्यांचं प्रमाण बहुधा अनुदान देणारेच ठरवतात, टप्प्यांच्या तारखा मात्र आपण सुचवायच्या असतात. समजा प्रमाण ३०, ३०, ३०, १० आहे. पहिला हप्ता सहीनंतर मिळतो. पुढचे दोन एकेका टप्प्यानंतर आणि शेवटचा अंतिम अहवालानंतर.

‘मुद्रण, लिप्यंतर आणि पहिली खेळता येणारी कथा’ असा पहिला टप्पा पाचव्या महिनाअखेर ठेवण्याचा मोह होतो. तोवरचा खर्च मोजून पाहा: प्रवास व मुद्रण १२, मानधन १०, लिप्यंतर ४ आणि स्टुडिओचं काम २० भाग. झाले ४६, हाती फक्त ३०. शिवाय तपासणीला महिनाभर लागतो. स्टुडिओ इथेच बुडतो, आणि अर्ज वाचणाऱ्याला ते आधीच दिसतं.

उपाय असा: पहिला टप्पा तिसऱ्या महिनाअखेर आणा आणि त्यात फक्त मुद्रण, भरलेली संमतीपत्रं आणि तीन वेगळ्या ठिकाणी जपलेल्या मुद्रणाच्या प्रती ठेवा. या काळात चित्रकार आणि प्रोग्रामर यांचं काम कमी ठेवलं, तर खर्च २५च्या आसपास राहतो आणि तपासणीचा महिनाही निभतो. दुसरा टप्पा सातव्या महिनाअखेर: तपासलेलं लिप्यंतर आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येणाऱ्या दोन कथा, कथेकऱ्यांच्या मान्यतेसह. बाराव्या महिन्यात सहाही कथांचा खेळ, सोपवलेला संग्रह आणि अहवाल. शेवटचे १० भाग मिळेपर्यंत तेवढी रक्कम स्वतःकडून घालावी लागेल. तिची सोय कशी केली आहे, हे अर्जात एका वाक्यात सांगा.

टप्प्याचा पुरावा मोजता येईल असा हवा. ‘संशोधन पूर्ण’ याची तपासणी कशी करणार? त्याऐवजी लिहा: बारा तासांच्या वेव्ह फायली, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन वाहिन्यांत तासाला सुमारे १ जीबी, म्हणजे सगळ्या मिळून १२ जीबीच्या थोड्या वर. प्रत्येक फाइलसोबत कथेकरी, बोली, ठिकाण, तारीख आणि संमतीच्या अटी यांची नोंद.

वेळापत्रक ठरवण्याआधी कथेकऱ्यांना एक विचारा. काही समाजांत ठरावीक कथा ठरावीक ऋतूतच सांगतात, तर काही ठरावीक श्रोत्यांपुढेच. तसं असेल तर तिसऱ्या महिन्याचा टप्पा करारापासून नव्हे, त्या ऋतूपासून मोजावा लागतो, आणि प्रकल्प सुरू करण्याची तारीख अर्जातच पुढे ढकलून मागावी लागते.