काकडी: फळ की भाजी, आणि भोपळ्याशी तिचे नाते

काकडी (शास्त्रीय नाव कुकुमिस सॅटायव्हस) ही कुकर्बिटेसी या कुलातील वर्षायू वेल आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काकडी हे फळच आहे. ते कोवळे असतानाच तोडून खाल्ले जाते आणि स्वयंपाकात भाजीच्या जागी वापरले जाते, म्हणून प्रश्न उभा राहतो. मराठीत त्याचे उत्तर एका शब्दात आधीपासून आहे: फळभाजी. पालेभाजी म्हणजे पाने, शेंगभाजी म्हणजे शेंगा, तशी फळभाजी म्हणजे भाजी म्हणून रांधलेले किंवा चिरलेले फळ. ‘फळ’ हा शब्द वेलीचा भाग सांगतो आणि ‘भाजी’ ताटातली जागा सांगते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

अमेरिकेत हा वाद न्यायालयात गेला होता. तिथे आयात भाजीवर कर होता, फळांवर नव्हता, आणि खटला टोमॅटोचा होता. १८९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना मान्य केले की वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो हे वेलीचे फळ आहे, जसे काकडी आणि भोपळा आहेत. पण लोक त्यांना जेवणात भाजी म्हणून खातात, म्हणून कर भाजीचाच लागेल. शास्त्राचा निर्णय त्याने बदलला नाही. फक्त जकातीसाठी रोजच्या भाषेतला अर्थ धरला.

फळ कशाला म्हणायचे

फुलाच्या तळाशी किंजपुट असते. त्यात बीजके असतात. परागण होऊन बीजकांचे बी होऊ लागते, तेव्हा किंजपुट वाढते, आणि त्या वाढलेल्या किंजपुटाला फळ म्हणतात. चव, गोडी, कच्चे खाता येणे यांचा या व्याख्येशी काही संबंध नाही. म्हणून वांगे, भेंडी, मिरची, दोडका ही सगळी फळे आहेत. गाजर, बटाटा, कोबी मात्र फळे नाहीत, कारण ती अनुक्रमे मूळ, खोड आणि पाने आहेत.

काकडीच्या वेलीवर हे डोळ्यांनी बघता येते. तिच्यावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. दोन्ही पिवळी, पाच पाकळ्यांची, पण नर फुलाच्या मागे नुसता बारीक देठ असतो, तर मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी, बारीक काटेरी लव असलेली इवलीशी काकडी असते. ती काकडी म्हणजेच किंजपुट. फूल उमलण्याआधीच ती तिथे असते, आणि पाकळ्या तिच्या टोकावर बसलेल्या असतात. टोमॅटोत याच्या उलट दिसते. तिथे हिरवा पुष्पकोश देठाच्या बाजूला राहतो, म्हणजे फूल किंजपुटाच्या खालून उगवलेले असते. काकडी, दुधी, दोडका, भोपळा यांच्या मात्र देठाच्या विरुद्ध टोकाला फुलाची खूण असते. कोवळ्या दुधीच्या टोकाला चिकटलेले सुकलेले फूल बाजारातही दिसते. अशा किंजपुटाला अधःस्थ म्हणतात, आणि ही खूण भोपळ्याच्या सगळ्या कुलात सारखी आहे.

काकडी आडवी कापली की आतली रचना कळते. मध्यभागी साधारण त्रिकोणी, बुळबुळीत गाभा, आणि बिया तीन भागांत मांडलेल्या. किंजदले म्हणजे किंजपुटाचे घटक भाग. तीन किंजदले जुळून किंजपुट झाले, त्याची ही खूण. बाहेरची साल नुसत्या किंजपुटाची नसून त्याला चिकटलेल्या फुलाच्या तळव्याचाही भाग तिच्यात असतो. अशा फळाला पेपो म्हणतात. हा मृदुफळाचाच एक प्रकार आहे: गर मऊ, बिया पुष्कळ, आणि साल पिकल्यावर टणक. काकडी, कलिंगड, खरबूज, दुधी, लाल भोपळा या सगळ्यांची फळे याच साच्यातली. फरक पडतो तो आपण कोणता भाग खातो यात. कलिंगडात बियांभोवतीचा गाभा खातात, खरबुजात आणि लाल भोपळ्यात फळाची भिंत, आणि काकडीत सगळेच. लाल भोपळा वाढताना मधला गाभा तंतू होऊन फाटतो, म्हणून आत पोकळी राहते. काकडीत तो भरलेला राहतो.

कोवळे फळ आणि पिकलेले फळ

जेवणातली काकडी फूल उमलल्यापासून आठ-बारा दिवसांत तोडतात. तेव्हा बिया कोवळ्या असतात आणि बोट लावले की चिरडतात. तीच वेलीवर ठेवली तर साधारण महिन्याभरात पिवळी, मग तपकिरी, जाळीदार सालीची होते, गर आंबटसर होतो आणि बिया कडक. फळ म्हणून ती तेव्हा पूर्ण होते. पेरायच्या बियांसाठी काकडी अशीच जुनी करावी लागते. कोवळीतले बी उगवत नाही.

कोकण आणि गोव्यातले तवसे या दोन टोकांच्या मध्ये आहे. पावसाळी वेलीवर ते भले मोठे, जाड सालीचे होईपर्यंत राहते. मग बिया आणि मधला गाभा काढून गर किसतात. तो किस तांदळाच्या रव्यात गुळाबरोबर घालून धोंडस करतात, नाहीतर तांदळाच्या पिठात मिसळून घावन. गोड खाण्यात वापरली जाणारी ही काकडी ‘फळ’ या शब्दाच्या रोजच्या अर्थालाही जवळ येते.

परागण नीट झाले नाही तर फळावर त्याची लेखी साक्ष उरते. परागकण कमी पडले की ज्या भागातली बीजके वाढत नाहीत तो भाग चिमलेला राहतो: काकडी एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला फुगलेली, किंवा कमरेत आवळलेली. हे काम मधमाश्यांचे असते, आणि पाऊस लागून राहिला की त्या बाहेर पडत नाहीत. घरच्या बागेत सकाळी नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलाच्या मधल्या किंजल्कावर हलकेच फिरवले तर फळ धरते. सुरुवातीला वेलीवर आठवडाभर किंवा जास्त फक्त नर फुले येतात आणि गळतात. ती गळणे रोग नाही.

पॉलिहाऊसमधली लांब, बी नसल्यासारखी काकडी परागणाशिवायच वाढते. अशा वाणांत मधमाशी आत गेली तरच उलट फळे वेडीवाकडी होतात. बी नसले तरी ते किंजपुटच वाढलेले आहे, म्हणून तेही फळ.

नात्याचा नकाशा

कुकर्बिटेसी कुलात सुमारे ९५ प्रजाती आणि साडेनऊशेच्या वर जाती आहेत. नावांवरून मात्र नाते ओळखता येत नाही. मराठीत दुधी भोपळा आणि लाल भोपळा दोघेही ‘भोपळे’. प्रत्यक्षात दुधी काकडीला जास्त जवळचा आहे. जनुकांच्या अभ्यासातून दिसते की काकडी, खरबूज, दुधी, कोहळा, कलिंगड आणि तोंडली हे एका गटातले. लाल भोपळा (काशीफळ, डांगर) दुसऱ्या गटातला, अमेरिकेतला. तो भारतात आला पोर्तुगीज आल्यानंतर. दोडका, घोसाळे आणि पडवळ तिसऱ्या गटातले, आणि कारले व कर्टुली आणखी वेगळ्या फांदीवरची. म्हणजे काकडीला दुधी चुलत भाऊ, आणि लाल भोपळा जरा लांबचा भाऊबंद.

सख्खे नाते खरबुजाशी. चिबूड हे खरबुजाच्या जातीचेच फळ. इथे नावाचा एक मोठा घोटाळा आहे, तो बी विकत घेताना कामाला येतो. मराठीतली काकडी म्हणजे हिंदीतला ‘खीरा’. उत्तर भारतात उन्हाळ्यात विकली जाणारी लांब, बारीक, रेघा असलेली ‘ककडी’ मात्र खरबुजाच्या जातीची आहे. आपल्या शब्दाचे मूळ संस्कृत ‘कर्कटी’ किंवा ‘कर्कटिका’.

काकडी मूळची भारताकडचीच. तिचा रानटी भाऊ हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवतो. फळ छोटे आणि कडू, पण काकडीशी त्याचा संकर सहज होतो. खरबुजाशी तो होत नाही. कारण पेशीत सापडते: काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या, खरबुजात १२. २००९ साली काकडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की काकडीच्या सातांपैकी पाच गुणसूत्रे जुनी दहा गुणसूत्रे जोडीजोडीने जुळून बनली आहेत. खरबुजापासून फारकत झाल्यावर हा बदल घडला.

वेलीवर फळ नसताना नाते ओळखायचे तर ताणा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, बघावा. काकडीचा ताणा एकेरी, दुधीचा दोन फाटे फुटलेला, लाल भोपळ्याचा बहुधा तीन किंवा अधिक फाट्यांचा. फुलेही सांगतात: काकडी आणि लाल भोपळ्याची पिवळी, दिवसा उमलणारी, दुधीची पांढरी, संध्याकाळी उमलणारी, पतंगांसाठी.

कलम जुळते, संकर नाही

काकडी आणि लाल भोपळा यांचा संकर होत नाही, पण कलम मात्र जुळते. जपान आणि कोरियात काकडीचे रोप भोपळ्याच्या मुळावर चढवतात. दोन्हींची रोपे पहिली पाने फुटत असतानाच तिरकी कापून एकमेकांना टेकवतात, चिमट्याने धरतात आणि काही दिवस दमट सावलीत ठेवतात. मूळ भोपळ्याचे असल्यामुळे मातीतून येणारा मर रोग आणि थंडी रोप सोसते. फळ मात्र काकडीचेच.

यावरून एक जुना समज तपासता येतो: काकडी शेजारच्या कारल्यामुळे कडू झाली. असे होत नाही. एक तर दोघांचा संकर होत नाही. दुसरे, परागाचा परिणाम बियांत होतो. गर आणि साल आईवेलीचेच शरीर असते. काकडी कडू होते ती तिच्या स्वतःच्या कुकर्बिटॅसिन या द्रव्यांमुळे. ही द्रव्ये साऱ्या कुलाचा जुना वारसा आहेत. पाने खाणाऱ्या कीटकांना आणि जनावरांना ती दूर ठेवतात, आणि माणसाने निवड करत करत फळातली जवळपास नाहीशी केली. पाण्याचा ताण किंवा कडक ऊन पडले की ती पुन्हा वाढतात, आणि देठाकडे व सालीखाली जास्त साठतात. म्हणून देठाचा तुकडा चांगला दोन बोटे कापून टाकावा आणि साल काढावी. कापलेला तुकडा टोकावर घासून फेस काढण्याची रीत घरोघरी आहे. फेस येतो तो वेलीच्या रसाचा. उपयोग खरा त्या तुकड्याला कापून टाकण्याचा.

हाच वारसा दुधीत घातक ठरू शकतो. भारतात कडू दुधीचा रस पिऊन गंभीर विषबाधा आणि मृत्यूही झाले, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. सूचना साधी आहे: रस काढण्याआधी कच्च्या दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यावा, आणि दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, कारण मग कडवटपणा जिभेला कळत नाही. शिजवल्याने कुकर्बिटॅसिन नाहीसे होत नाही. रस प्यायल्यानंतर उलटी, रक्ताची उलटी, पोटात तीव्र कळ किंवा चक्कर आली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.