एकच पगारपत्रक, चार अर्थसंकल्प: नोकरदाराची जुनी-नवी करप्रणाली

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत उत्पादन विभाग सांभाळणारा व्यवस्थापक डोळ्यांसमोर आणा. वर्षाचा ठोक पगार १४ लाख ४० हजार. त्यात मूळ वेतन ६ लाख, घरभाडे भत्ता २ लाख ४० हजार आणि उरलेले ६ लाख विशेष भत्ता वगैरे नावांखाली. हा आकडा सीटीसीचा नाही. कंपनीने भरलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेली असते, आणि तोच आकडा घेऊन कर मोजायला बसलं की पहिल्या ओळीतच हिशोब चुकतो.

राहायला राजारामपुरीत भाड्याचा फ्लॅट, भाडं महिना १४ हजार. पगारातून कापला जाणारा पीएफ वर्षाला ७२ हजार, विम्याचे हप्ते ३६ हजार, मुलाच्या शाळेची ट्यूशन फी ४२ हजार. एवढ्यावर ८०सी कलमाच्या वजावटीची दीड लाखांची मर्यादा भरली. स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्य विमा १८ हजार आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा ३२ हजार, म्हणजे आरोग्य विम्याच्या ८०डी कलमाखाली ५० हजार. माणूस काल्पनिक आहे, पण अशा पगाराची आणि अशाच वजावटींची माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. वजावटी देणारी जुनी आणि कमी दरांची नवी, अशा दोन करप्रणालींपैकी एक त्याला निवडायची आहे. हेच पत्रक आता एकेका वर्षाच्या नियमांतून काढून बघू.

आधी जुन्या प्रणालीची घडण. २००५ साली कलम ८८ची करसवलत गेली आणि तिच्या जागी ८०सी आलं, एक लाखाच्या मर्यादेसह. पगारदारांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावटही त्याच वेळी बंद झाली. २०१४च्या जुलैत अरुण जेटलींनी ८०सी दीड लाखावर नेलं, स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट दीडवरून दोन लाख केली आणि करमुक्त उत्पन्नाची पहिली पायरी अडीच लाखांवर आणली. २०१५मध्ये एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी आणखी ५० हजारांची वेगळी वजावट मिळाली. २०१८मध्ये प्रवास भत्ता आणि वैद्यकीय बिलांची सूट काढून घेऊन प्रमाणित वजावट ४० हजारांवर परत आली, पुढच्या वर्षी ती ५० हजार झाली. पुढची सगळी गोष्ट या तारखांमध्येच दडलेली आहे. ८०सीचे दीड लाख आणि व्याजाचे दोन लाख २०१४मध्ये जिथे होते तिथेच आजही आहेत. जुनी प्रणाली कुणी मोडीत काढली नाही, तिच्याकडे बघणं तेवढं सोडून दिलं.

जुन्या प्रणालीत आपल्या व्यवस्थापकाचा कर असा निघतो. घरभाडे भत्त्यातली करमुक्त रक्कम तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान असते: हाती आलेला भत्ता, मूळ वेतनाचे ४० टक्के (मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांना ५०, कोल्हापूरला ४०), किंवा भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. पहिले दोन्ही आकडे २ लाख ४० हजार आहेत. तिसरा मात्र १ लाख ६८ हजारांतून ६० हजार वजा जाता १ लाख ८ हजार. तोच धरायचा.

कोल्हापुरात बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. भत्ता भरपूर असतो, पण भाडं त्या मानाने कमी. काही जण पगाराची फोड करताना घरभाडे भत्ता वाढवून मागतात. त्याने एक रुपयाही वाचत नाही, कारण अडवणारा आकडा भाड्याचा आहे, भत्त्याचा नाही. या व्यवस्थापकाला पूर्ण २ लाख ४० हजार करमुक्त हवे असतील तर भाडं महिना २५ हजार भरावं लागेल. कर वाचवायला महिन्याला ११ हजार जादा भाडं कोण देईल? आणि मूळ वेतन वाढलं तर १० टक्क्यांचा कापही वाढतो, करमुक्त रक्कम उलट घटते.

तर ठोक पगारातून १ लाख ८ हजार, प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर २,५००, ८०सीचे दीड लाख आणि ८०डीचे ५० हजार वजा केले की करपात्र उत्पन्न १० लाख ७९ हजार ५०० राहतं. ४ टक्के उपकरासह कर १ लाख ४१ हजार ८०४ रुपये. २०२०पासून २०२५पर्यंत कोणतंही वर्ष घ्या, जुन्या प्रणालीत हा आकडा हलत नाही.

आता समोरची बाजू. १ फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी कलम ११५बीएसी आणलं. दर कमी, टप्पे जास्त, पण घरभाडं, ८०सी, ८०डी तर नाहीच, प्रमाणित वजावटसुद्धा नाही. त्या नियमांनी याच पगारावर कर निघतो १ लाख ७९ हजार ४००. जुनीपेक्षा साडेसदतीस हजारांनी महाग. त्या वर्षी नव्या प्रणालीकडे लोकांनी पाठ फिरवली यात नवल ते काय. ‘नवीमध्ये जाऊ नको’ हा ऑफिसातला सल्ला तेव्हाचा, आणि तेव्हा तो बरोबरच होता. घोटाळा एवढाच की काही जण आजही तोच सल्ला देतात.

२०२३मध्ये सरकारने दोन गोष्टी केल्या. ५० हजारांची प्रमाणित वजावट नव्यातही दिली आणि टप्पे सैल केले. आपल्या पत्रकावरचा कर १ लाख ३३ हजार १२० झाला आणि पारडं पहिल्यांदा नवीकडे झुकलं, साधारण साडेआठ हजारांनी. त्याच वर्षापासून नवी प्रणाली मूळ पर्याय ठरली: कर्मचाऱ्याने कंपनीला काही कळवलं नाही तर टीडीएस नव्या दरानेच कापायचा. जुलै २०२४मध्ये नव्यातली प्रमाणित वजावट ७५ हजार झाली, टप्पे पुन्हा सरकले आणि कर १ लाख १७ हजार ५२० वर आला. ३१ जुलै २०२४पर्यंत भरलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या प्रणालीतली होती.

मग १ फेब्रुवारी २०२५. चार लाखांपर्यंत शून्य, पुढे दर चार लाखांना ५, १०, १५, २०, २५ आणि २४ लाखांवर ३० टक्के. १४ लाख ४० हजारांतून ७५ हजार गेले की १३ लाख ६५ हजार. कर उपकरासह ८८ हजार १४०. म्हणजे २०२५-२६ या वर्षासाठी जुन्या प्रणालीत राहिलो तर या माणसाचे ५३ हजार ६६४ रुपये जास्त जातात. भाड्याच्या पावत्या, विम्याच्या पावत्या, शाळेचं प्रमाणपत्र, सगळं जमवूनही.

मग जुनी कुणाच्या कामाची? या पगाराला दोन्ही कर समसमान व्हायला प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून आणखी ५ लाख २६ हजार २५० रुपयांच्या वजावटी लागतात. आपल्याकडे आहेत ३ लाख ८ हजार. समजा त्याने कळंब्याला फ्लॅट घेतला आणि वर्षाचं व्याज दोन लाखांच्या वर गेलं. पण तो तिथे राहायला गेला की भाडं संपलं, १ लाख ८ हजार गेले, दोन लाख आले: एकूण ४ लाख. तरी सव्वा लाख कमीच. मुद्दलाची फेड ८०सीत बसते, पण ती जागा पीएफ, विमा आणि शाळेने आधीच भरली आहे. घर गावाकडे, आईवडील त्यात राहतात, आणि हा कोल्हापुरात भाड्याने, अशी स्थिती असेल तर व्याज आणि भाडं दोन्ही मिळतात: ५ लाख ८ हजार. तरीही नवीच ३ हजार ७९६ रुपयांनी स्वस्त. त्यावर एनपीएसमध्ये स्वतःचे ५० हजार टाकले तेव्हा कुठे जुनी ६ हजार ६०४ रुपयांनी पुढे जाते. ५० हजार निवृत्तीपर्यंत अडकवून साडेसहा हजार वाचवायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. एनपीएस मुळातच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांचा ठोक पगार पावणेतेरा लाखांपर्यंत आहे त्यांना एवढंही करायला नको. प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न १२ लाखांत बसतं आणि नव्यात सवलतीमुळे कर शून्य होतो. जुन्यात शून्यावर यायचं तर उत्पन्न ५ लाखांवर आणावं लागेल, म्हणजे पावणेआठ लाखांच्या वजावटी. मात्र वर्षात शेअर विकून अल्पकालीन नफा झाला असेल तर त्यावरच्या विशेष दराच्या कराला ही सवलत लागू होत नाही, आणि ‘शून्य कर’ म्हणून निश्चिंत असलेल्यांची फजिती बहुधा इथेच होते.

पगाराची फोड बदलून खरोखर फायदा होतो तो मालकाच्या एनपीएस योगदानातून. नव्या प्रणालीत टिकलेल्या मोजक्या वजावटींपैकी ही एक, आणि जुलै २०२४पासून खासगी नोकरीतही तिची मर्यादा मूळ वेतनाच्या १४ टक्के आहे. जुन्या प्रणालीत खासगी कर्मचाऱ्याला १०च टक्के मिळतात. आपल्या व्यवस्थापकाने विशेष भत्त्यातले ८४ हजार कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवून घेतले तर करपात्र उत्पन्न १२ लाख ८१ हजार होतं आणि कर ७५ हजार ३६. म्हणजे १३ हजार १०४ रुपये वाचले. हे पैसे कंपनीने भरायचे असतात. स्वतःच्या खात्यातून एनपीएसमध्ये टाकलेल्या रकमेला नव्यात वजावट नाही. त्यामुळे विनंती एप्रिलमध्ये पेरोलकडे जायला हवी, मार्चमध्ये नाही.

एप्रिलमध्ये कंपनीला जे कळवतो ते फक्त टीडीएसपुरतं असतं. पगारदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, दरवर्षी विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते. पण जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत, म्हणजे एरवी ३१ जुलैपर्यंत, जायलाच हवं. मुदत हुकली तर उशिराचं विवरणपत्र भरता येतं, पण नव्या प्रणालीतच. आणि जुनीत घरभाडं दाखवताना वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. १४ हजार महिना म्हणजे तो लागणारच. आईला भाडं देतो असं दाखवणाऱ्यांनी ते बँकेतून दिलेलं असावं आणि आईच्या उत्पन्नातही दिसावं, नाहीतर पॅन जुळवताना ते उघडं पडतं.

कलमांचे हे आकडे १९६१च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे, त्यात क्रमांक बदलले. २०२५-२६च्या उत्पन्नाचा हिशोब मात्र जुन्याच कायद्याने होतो.