ठेव पावतीच्या फोटोतील पुसट आकडा गणिताने कसा वाचावा

मुदत ठेवीच्या पावतीवरचे आकडे आणि आपण काढलेले व्याज यांचा मेळ बसला नाही की बहुतेकांचा पहिला संशय बँकेवर जातो. भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या बाबतीत असेच झाले. त्यांनी एफडीच्या पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याच्या मुलाला पाठवला, मुलाने तो अक्षरे ओळखणाऱ्या एका अ‍ॅपला दिला, अ‍ॅपने व्याजदर ७.७० टक्के असा वाचला, आणि त्यावरून निघालेली रक्कम पावतीवरच्या छापील रकमेपेक्षा १,५६४ रुपयांनी जास्त आली. "नाना, तुम्हाला दीड हजाराने फसवलंय," असा निष्कर्ष फोनवरच निघाला. प्रत्यक्षात दर ७.१० होता. शाखेचा जांभळा गोल शिक्का नेमका दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या आकड्यावर बसला होता आणि इंग्रजी एकचे सात झाले होते.

अशा वेळी मूळ पावती हाताशी नसली, तरी तो पुसट आकडा खात्रीने शोधता येतो, कारण ठेवीच्या पावतीवर गरजेपेक्षा जास्त माहिती छापलेली असते. मुद्दल, दर आणि मुदत या तीन गोष्टी कळल्या की मुदतपूर्तीची रक्कम आपोआप ठरते. तरीही बँक ती वेगळी छापते, शिवाय ठेव सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीखही देते. त्यामुळे एखादा आकडा वाचता आला नाही, तर उरलेले आकडे त्याची साक्ष देतात. मात्र त्यासाठी बँक व्याज कसे मोजते हे नेमके माहीत असावे लागते, आणि बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

शाळेत शिकलेले सूत्र म्हणजे मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. पण भारतातील बँका संचयी मुदत ठेवीवर, म्हणजे ज्या ठेवीचे व्याज मध्येच न देता ठेवीतच जमा होत जाते तिच्यावर, साधारणपणे दर तिमाहीला चक्रवाढ करतात. वार्षिक दराचा चौथा भाग हा तिमाहीचा दर होतो, आणि प्रत्येक तिमाहीचे व्याज मुद्दलात मिळवून पुढच्या तिमाहीचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर काढले जाते. मुदत तिमाहीच्या पटीत नसेल, तर शेवटच्या अपुऱ्या तिमाहीसाठी चक्रवाढ थांबते आणि जितके दिवस उरले असतील तितक्या दिवसांचे सरळ व्याज, वर्षाचे दिवस ३६५ धरून, दिले जाते. हे सगळे एका ओळीत असे मांडता येते:

```
A = P × (1 + r/400)^n × (1 + r × d/36500)
```

येथे `P` म्हणजे मुद्दल, `r` म्हणजे टक्क्यांतील वार्षिक दर, `n` म्हणजे पूर्ण तिमाह्या, `d` म्हणजे उरलेले दिवस, आणि `A` म्हणजे मुदतपूर्तीला मिळणारी रक्कम.

आता नानांची पावती घेऊ. मुद्दल २,००,००० रुपये, ठेवीची तारीख १० जून २०२३, मुदत ४४४ दिवस, मुदतपूर्तीची तारीख २७ ऑगस्ट २०२४ आणि मुदतपूर्तीची रक्कम २,१७,८३८ रुपये. (४४४, ५५५ किंवा ७७७ दिवसांच्या ठेवींत शुभ अंकांची काही किमया असावी असे सांगणारे लोक भेटतात, पण व्याजाच्या सूत्राला त्यांचे काहीही कौतुक नसते.) सर्वांत आधी तारखा तपासायच्या. १० जून २०२३ पासून १० जून २०२४ पर्यंत चार तिमाह्या पूर्ण होतात, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आल्यामुळे त्यांचे दिवस ३६५ नव्हे, ३६६ भरतात. ४४४ मधून ३६६ वजा केले की ७८ उरतात, आणि १० जूननंतर ७८ दिवसांनी २७ ऑगस्टच येतो. म्हणजे मुदत आणि दोन्ही तारखा एकमेकींशी जुळल्या. फोटोतील हे तीन आकडे बरोबर वाचले गेले आहेत.

शिक्क्याखालच्या आकड्याची फक्त एक उभी रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्यावरून तो इंग्रजी एक, चार किंवा सात असू शकतो, म्हणून दराचे तीन उमेदवार उरतात: ७.१०, ७.४० आणि ७.७०. यांपैकी ७.१० घेऊन हिशोब करू. तिमाहीचा दर १.७७५ टक्के. पहिल्या तिमाहीचे व्याज ३,५५० रुपये, रक्कम झाली २,०३,५५०. दुसऱ्या तिमाहीचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर ३,६१३ रुपये, तिसऱ्याचे ३,६७७ आणि चौथ्याचे ३,७४२. असे करत १० जून २०२४ रोजी रक्कम २,१४,५८२ रुपयांवर पोहोचते. तिच्यावर ७८ दिवसांचे सरळ व्याज ३,२५६ रुपये होते, आणि एकूण रक्कम २,१७,८३८ रुपये येते. पावतीवरही हाच आकडा आहे. हीच रीत ७.४० ला लावली तर २,१८,६१९ रुपये आणि ७.७० ला लावली तर २,१९,४०२ रुपये येतात. दोन शेजारच्या उमेदवारांत सुमारे ७८० रुपयांचे अंतर असल्यामुळे गल्लत होण्यास जागा राहत नाही.

आपला हिशोब आणि छापील रक्कम यांत फरक आला, तर तो किती आहे यावरून चूक कुठे आहे हे बऱ्याचदा ओळखता येते. नानांच्या ठेवीवर शेवटच्या टप्प्यात एका दिवसाचे व्याज सुमारे ४२ रुपये आहे. तेव्हा फरक ४२ किंवा त्याच्या पटीत आला, तर दिवस चुकले आहेत असे समजावे. ४४४ मधून सवयीने ३६५ वजा करून ७९ दिवस धरणाऱ्याला नेमका एवढाच फरक दिसेल. फरक अवघा नऊ रुपयांचा असेल आणि आपली रक्कम जास्त असेल, तर बँकेने लीप वर्षात ३६५ ऐवजी ३६६ ने भागले असावे. काही बँका तसे करतात. आपली रक्कम साधारण ५६५ रुपयांनी कमी आली, तर आपण चक्रवाढ विसरून शाळेचेच सूत्र वापरले आहे. एक-दोन रुपयांचा फरक मात्र सोडून द्यावा, कारण प्रत्येक तिमाहीचे व्याज रुपयात पूर्णांकित केल्यामुळे तो पडतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दर ०.०५ टक्क्याने बदलला तर या पावतीवरची रक्कम सुमारे १३० रुपयांनी बदलते, आणि मुदतीत तीन दिवसांची चूक झाली तर सुमारे १२५ रुपयांनी. हे दोन फरक इतके जवळचे आहेत की केवळ रकमेवरून ते वेगळे करणे धोक्याचे ठरते, आणि म्हणूनच तारखांची तपासणी आधी करायची. तारीखही पुसट आणि दरही पुसट असेल, तर एकाच समीकरणात दोन अज्ञात राहतात. तेव्हा बँकेत जाण्याला पर्याय नाही. दरमहा किंवा तिमाहीला व्याज हातात घेण्याच्या ठेवीत मुदतपूर्तीची रक्कम मुद्दलाएवढीच असते, त्यामुळे ती काहीच साक्ष देत नाही. तेथे हप्ता तपासावा लागतो, आणि मासिक हप्त्यात आणखी एक बारकावा आहे: दोन लाखांवर ७.१० टक्क्यांनी महिन्याचे व्याज १,१८३ रुपये होईल असे वाटते, पण तिमाही संपण्याआधीच पैसे दिले जात असल्याने बँक ते घटवून सुमारे १,१७६ रुपयेच देते.

फोटो मुळातच बरा निघाला, तर यातली निम्मी झटापट वाचते. आकडे ओळखणारी संगणकीय पद्धत चित्राचे काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांत रूपांतर करते आणि अगदी लहान, सुटे काळे ठिपके धूळ समजून पुसून टाकते. दशांशचिन्ह हा असाच लहान सुटा ठिपका असतो, म्हणून ७.१० चे ७१० होणे ही नेहमीची चूक आहे. ती पकडणे सोपे, कारण ७१० टक्के व्याज कोणतीच बँक देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करते आणि तेवढ्यात असे ठिपके विरघळतात, त्यामुळे पावती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. लॅमिनेट केलेल्या पावतीवर फ्लॅश मारला तर मध्येच पांढरा डाग पडतो. खिडकीच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो काढावा.

शिक्क्यावर मात्र एक सुंदर उपाय आहे. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची तीन वेगळी चित्रे एकावर एक ठेवलेली असतात. जांभळी शाई निळा प्रकाश बऱ्यापैकी परावर्तित करते, तर छपाईची काळी शाई तिन्ही रंग शोषून घेते. त्यामुळे फोटो संपादनाच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये केवळ निळ्या रंगाचे चित्र वेगळे काढले, तर त्यात शिक्का कागदासारखा फिकट होतो आणि त्याच्याखालचे काळे आकडे वर येतात. पावती निळ्या शाईच्या पेनाने हाताने लिहिलेली असेल, तर मात्र हा उपाय उलटतो आणि शिक्क्याबरोबर आकडेही फिके पडतात.

हेच सूत्र जाहिरातींवरही लावून पाहावे. पाच वर्षांच्या ठेवीवर "वार्षिक ८.३० टक्के परतावा" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, तेव्हा बहुधा दर ७ टक्केच असतो: पाच वर्षांत एकूण वाढ ४१.४८ टक्के होते आणि तिला नुसते पाचाने भागून ८.३० हा आकडा मिळवलेला असतो. दामदुपटीचेही तसेच आहे. ७.१० टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला जवळपास नऊ वर्षे दहा महिने लागतात. पाच वर्षांत दुप्पट करून देतो असे कोणी रावेरच्या केळी बागायतदाराला किंवा अमळनेरच्या व्यापाऱ्याला सांगत असेल, तर तो वर्षाला सुमारे १४.१ टक्के दराचे आश्वासन देत आहे, आणि ते देणारी जर पतसंस्था असेल तर बँकेतील ठेवींना मिळणारे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही तेथे नसते.

शेवटी, पावतीवरची रक्कम जुळूनही खात्यात कमी पैसे आले, तर फरकाला व्याजाने भागून पाहावे. नानांचे एकूण व्याज १७,८३८ रुपये आहे. फरक त्याच्या दहा टक्क्यांच्या, म्हणजे १,७८४ रुपयांच्या थोडा वर असेल, तर तो टीडीएस आहे. त्या बँकेतील सगळ्या ठेवींचे मिळून वर्षाचे व्याज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो कापला जातो. आणि मार्चअखेर कापलेल्या रकमेवर पुढचे व्याज मिळत नसल्यामुळे फरक दहा टक्क्यांवर थोडा सरकतो. फरक वीस टक्क्यांच्या, म्हणजे ३,५६८ रुपयांच्या आसपास असेल, तर खात्याला पॅन जोडलेला नसण्याची शक्यता सर्वांत मोठी.