विहिरीची पातळी पाच फूट चढली, म्हणजे पाणी किती आलं?

यंदा आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. 'दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी' या विषयावरच्या टेबलांवर बहुतेक ठिकाणी एकच मॉडेल होतं. कुंडीत सेन्सर खोचलेला, माती सुकली की दिवा लागतो, छोटी मोटर सुरू होते आणि बादलीतलं पाणी ठिबकच्या नळीतून झाडाला जातं. नववीतल्या एका मुलाला विचारलं, "या बादलीच्या जागी शेतात काय असेल?" तो म्हणाला, "विहीर." "आणि विहिरीत पाणी कुठून येतं?" "झऱ्यातून." "झऱ्यात?" तो थांबला. मग शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्या विहिरीला ऑक्टोबरात काठोकाठ पाणी असतं आणि जानेवारीत तळ दिसतो. ते कुठं जातं?"

माण, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न तिने विचारला होता. त्याचं उत्तर टेबलावर मांडून दाखवता येतं. त्यासाठी सेन्सर लागत नाही, फरशीचे तुकडे लागतात.

आधी डोक्यातलं एक चित्र पुसावं लागेल. जमिनीखाली नद्या वाहतात, तळी साठलेली असतात आणि पुरेसं खोल गेलं की पाताळाचं पाणी लागतं, असं आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटतं. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि थरांची रास झाली. साधारणपणे प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळा पाषाण असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो, त्यातली छिद्रं पांढऱ्या खनिजांनी भरली की विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. या सगळ्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. पाणी धरणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. जलधर पाण्याने भरलेला असला तरी त्यातलं सगळं पाणी विहिरीला मिळत नाही. काही पाणी खडकाला चिकटून राहतं. जे सुटून वाहतं तेच आपलं. एक हजार लिटर आकारमानाच्या जलधरातून किती पाणी सुटतं? नदीकाठच्या जाड वाळूत सुमारे अडीचशे लिटर. आपल्या बेसाल्टात बहुधा दहा ते तीस लिटर, म्हणजे १ ते ३ टक्के. दुष्काळी भागातल्या विहिरींचं बरंचसं वागणं या एका आकड्यातून उलगडतं.

तो आकडा डोळ्यांनी दिसावा म्हणून दोन सारख्या पेट्या करायच्या. आतून साधारण ३० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि २० उंच, समोरची बाजू काचेची. पहिल्या पेटीत हरभऱ्याएवढी धुतलेली खडी भरायची. दुसऱ्या पेटीसाठी फरशीवाल्याकडून स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटचे १० बाय २० सेंटिमीटरचे टाकाऊ तुकडे कापून आणायचे. ते साधारण २ सेंटिमीटर जाड असतात. दोन-दोन तुकडे सिलिकॉनने चिकटवून ४ सेंटिमीटर जाडीच्या जोड्या करायच्या आणि कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या. दोन जोड्यांमध्ये १ मिलिमीटरची फट ठेवायची आणि तळाशीही तेवढीच, म्हणजे सगळ्या फटी एकमेकींना जोडल्या जातील. या पेटीची लांबी काचवाल्याला फरशा मोजूनच सांगावी, नाहीतर शेवटी मोठी पोकळी उरते आणि हिशेब बिघडतो. दोन्ही पेट्यांच्या तळाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली की आपला पंप तयार.

प्रयोगाच्या आधी दोन्ही पेट्या एकदा भरून रिकाम्या करायच्या, कारण कोरडे दगड पहिलं पाणी अंगालाच लावून घेतात. मग प्रत्येकीत शाईचे थेंब टाकलेलं १०० मिलिलिटर पाणी ओतायचं. खडीच्या पेटीत पातळी जेमतेम एक सेंटिमीटर चढते. फरशांच्या पेटीत ती सरसर वर जाते आणि १३ सेंटिमीटरच्या आसपास थांबते. पाणी तेवढंच, एक कपभर. आता नळीची कळ उघडून दोन्हींतून ५० मिलिलिटर काढून घ्या. खडीतली पातळी हलल्यासारखी वाटत नाही. फरशांतली निम्म्यावर येते.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चार चांगले पाऊस झाले की बेसाल्टातली विहीर झपाट्याने चढते आणि शेतकऱ्याला वाटतं, यंदा पाणी भरपूर. प्रत्यक्षात चढलेली असते ती पातळी. जागा अरुंद असल्यामुळे थोडं पाणीही उंच दिसतं आणि ज्या वेगाने ते चढतं त्याच वेगाने उतरतं. विहीर कुणी फोडलेली नसते, पाणी कुणी चोरलेलं नसतं.

हे मॉडेल करताना एक चूक हमखास होते. फट जितकी बारीक तितकं खरं, असं समजून मुलं फरशा जवळजवळ चिकटवतात. मग पाणी आत जातं, पण बाहेर येत नाही. दोन दगडी पृष्ठांमधल्या १ मिलिमीटर फटीत केशाकर्षणाने साधारण दीड सेंटिमीटर उंचीचं पाणी अडकून राहतं. फट ०.२ मिलिमीटर केली तर सात सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पेटीचा तिसरा हिस्सा. खऱ्या जलधराची जाडी कित्येक मीटर असते, तिथे एवढ्याने बिघडत नाही. वीस सेंटिमीटरच्या पेटीत बिघडतं. कळ पूर्ण उघडूनही काचेतून भरलेल्या फटी दिसत राहिल्या, तर दोष हाच.

मॉडेलशेजारी आकड्यांचा एक तक्ता लावावा. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरा. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ५० मिलिमीटर, जलधरापर्यंत पोचला असं समजू. एका एकरावर हे सुमारे २ लाख लिटर होतं. खडकातून २ टक्के पाणी सुटत असेल, तर एवढ्याने भूजलाची पातळी अडीच मीटर चढेल. रब्बी ज्वारीला सहा-सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर एकरी ४.८ लाख लिटर लागतं, म्हणजे साधारण अडीच एकरांतलं मुरलेलं पाणी. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी धरलं, तर एकरी ८० लाख लिटर. एक एकर ऊस चाळीस एकरांत मुरलेलं पाणी उचलतो. त्यातलं थोडं परत झिरपतं, तरी उरलेल्या एकोणचाळीस एकरांत शेजाऱ्यांच्या विहिरीही आहेत. हिवरे बाजारने ऊस आणि केळीवर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ती या गणितामुळे.

विहीर आटली की माणूस बोअर घेतो. त्यासाठी दुसरं मॉडेल. दोन फुटी काचेच्या टाकीत तळाला आठ सेंटिमीटर खडी, त्यावर शाडूचा तीन सेंटिमीटरचा थर, काचेला चारही बाजूंनी दाबून बसवलेला, आणि वर पुन्हा बारा सेंटिमीटर खडी. शाडू म्हणजे मधला घट्ट पाषाण. भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली वरच्या खडीत उभी केली की विहीर झाली. एक बारीक पारदर्शक नळी शाडूतून थेट खालच्या खडीपर्यंत गेली की बोअर. कोपऱ्यात आणखी एक नळी खालच्या थरात सोडायची. ती नसेल तर सिरिंजने बोअरमधून पाणी ओढताना खाली हवा शिरायला वाट राहत नाही आणि दट्ट्या मागे खेचला जातो. ही कोपऱ्यातली नळी म्हणजे लांब उतारावरची ती जागा, जिथे खालचा थर उघडा पडतो आणि पावसाचं पाणी पितो.

कोपऱ्यातल्या नळीतून खालचा थर आधी पाण्याने भरून घ्या, मग सिरिंजने बोअर उपसा. पहिल्यांदा पाणी जोरात येतं, मग संपतं. आता झारीने वर निळा पाऊस पाडा. विहीर भरते, बोअर कोरडीच राहते. निसर्गात मधला पाषाण इतका पक्का नसतो, भेगांतून थोडं पाणी खाली जातं, पण हळूहळू. अनेक वर्षांत साठलेलं पाणी दोन-तीन हंगामांत उपसलं, तर पुढच्या पावसात ते परत येईल अशी आशा धरता येत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर वेगळे निर्बंध आहेत, ते याच खालच्या पाण्यासाठी.

बोअरची जागा कुठे, हा पुढचा प्रश्न पाहुणे विचारतीलच, आणि कुणाला तरी ज्याच्या हातावर नारळ उभा राहतो तो पाणाडी आठवेल. भेगा वाकड्यातिकड्या असतात, म्हणून एका बांधावर पाणी लागतं आणि पन्नास फुटांवर लागत नाही. यश-अपयशाच्या या लपंडावात पाणाडीचं काम निभावतं. लागलेली बोअर गाव लक्षात ठेवतं आणि कोरडी गेलेली 'नशीब' म्हणून सोडून देतं. तळहातावर उभा नारळ मुळातच अस्थिर असतो, स्नायूंची न जाणवणारी हालचालही त्याला पुरते. पडताळा सोपा आहे. पाणाडीने खुणा केलेल्या दहा जागांवरून त्याला डोळे बांधून, रस्ता बदलून पुन्हा फिरवायचं आणि खुणा जुळतात का ते पाहायचं. कर्ज काढून लाखभर रुपये जमिनीत घालण्याआधी हा अर्धा तास द्यायलाच हवा. आसपासच्या विहिरींतले थर, त्यांची खोली आणि ऑक्टोबर-मेमधल्या पातळ्या यांची नोंद त्याहून कितीतरी जास्त सांगते.

दुसऱ्या मॉडेलचा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बोअरच्या नळीला वरच्या खडीच्या उंचीवर चार भोकं पाडून ठेवायची आणि त्यांवर थोडी मोठी नळी सरकवायची. हे केसिंग. निळा पाऊस पडून विहीर भरली, खालचा थर रिकामा आहे, की केसिंग हळूच वर ओढायचं. वरचं निळं पाणी भोकांतून बोअरमध्ये पडतं आणि खाली निघून जातं. कुणीही उपसा केलेला नसताना विहिरीची पातळी उतरताना काचेतून दिसते.

शेतात केसिंग बहुतेकदा मुरमापुरतंच टाकतात. त्याखालचं भोक उघडं असतं आणि विहिरीला पाणी देणाऱ्या भेगा नेमक्या त्या पट्ट्यात असू शकतात. हे ओळखायला उपकरण लागत नाही. मोटर बंद करून, आसपास शांतता असताना, बोअरच्या तोंडाशी कान न्यायचा. खोलवर पाणी पडल्याचा आवाज सतत येत असेल, तर शेजारची विहीर त्या वाटेने रिकामी होत असू शकते.

त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर, तो आवाज आमच्या बोअरमध्ये येतो. आजोबा म्हणतात, बोअरला झरा लागलाय."