शंका घेणं वेगळं, दोन्ही बाजू मांडणं वेगळं

बीएस्सी करून एलएलबीला आल्यावर हे वाक्य सतत ऐकू येतं: ‘दोन्ही बाजू तपासायची सवय तुला सायन्समुळे आहेच.’ नाही. ती सवय निराळी आहे. ‘म्हणजे आता खोटं बोलायला शिकणार!’ या विनोदाबद्दल तर बोलायलाच नको. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, तथ्यं कागदावर छापून मिळतात आणि त्यातला शब्दही बदलता येत नाही.

प्रयोगशाळेतलं सगळ्यांना ठाऊक आहे: दोन शक्यता धरायच्या, मोजमाप घ्यायचं, एक गळते. वाद असतो तो काय घडलं याचा. कायद्यात बरेचदा काय घडलं हे दोन्ही पक्षांना मान्य असतं, तरी खटला उभाच राहतो.

नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्याचं उदाहरण घ्या. २७ एप्रिल १९५९ला पत्नीने प्रेमसंबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमागृहात सोडलं, मग जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. कारण सांगितलं, रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय. मग ते पत्नीचे प्रियकर आहुजा यांच्या ऑफिसात आणि तिथून त्यांच्या घरी गेले. दीडच्या सुमारास घर सोडलं, गोळ्या झाडल्या चार वीसच्या सुमारास. झटापटीत गोळी सुटल्याचा बचावाचा मुद्दा इथे बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच, की ही ‘गंभीर आणि अचानक चिथावणी’ होती का? होती असं ठरलं, तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध होतो.

आता बचावाकडून उभं राहा. कायद्याने मिनिटं ठरवून दिलेली नाहीत. आरोपीच्याच समाजातला सामान्य माणूस त्या परिस्थितीत स्वतःवरचा ताबा गमावेल का, एवढंच पाहायचं. मुलांना सिनेमाला सोडणं ही सुन्न माणसाची यांत्रिक कृती. सरकार पक्षाकडून उभं राहिलं की तीच कृती कुटुंबाचा शांतपणे केलेला विचार ठरते. घड्याळ कितीही अचूक असो, जवळपास तीन तासांना ‘अचानक’ म्हणायचं की नाही हे ते सांगू शकत नाही. नव्या रिपोर्टने वाद मिटणार असेल तर तो प्रश्न प्रयोगशाळेचा. सगळे रिपोर्ट हातात असूनही मिटत नसेल तर युक्तिवादाचा. सायन्सवाले इथेच अडतात आणि आणखी पुरावा मागत बसतात.

याचा अर्थ ‘दोघंही आपापल्या जागी बरोबर’ असाही नाही. या गुळगुळीत वाक्याची मला चीड आहे. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकार पक्षाचं म्हणणं मान्य केलं: ताबा परत मिळवायला पुरेसा वेळ गेला होता. मलाही तेच पटतं, ते मुख्यतः अहमदनगरच्या त्या बहाण्यामुळे. म्हणून बचावाची बाजू आली तर मी सुरुवातच त्या बहाण्यापासून करते. तो लपवून ठेवला तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि तोवर आपली निम्मी मिनिटं संपलेली असतात.