स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट: 'ग्रेड २' म्हणजे काय?

रिपोर्ट हातात पडला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास विचारलं जातं, "ग्रेड दोन म्हणजे दुसरी स्टेज का?" नाही. गाठ केवढी आहे, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत किंवा आणखी लांब पोचली आहे का, हे स्टेज सांगते. ग्रेड ठरते ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात त्यावरून. एक सेंटिमीटरची छोटी गाठसुद्धा ग्रेड ३ असू शकते.

निरोगी स्तनात पेशी दूधनलिकांभोवती शिस्तीत उभ्या असतात. कॅन्सरच्या पेशी अजूनही तशा नळ्या करत असतील, तर रिपोर्टमध्ये 'वेल डिफरन्शिएटेड' असं येतं, म्हणजेच ग्रेड १. मूळ रूप जवळजवळ हरवलं असेल तर 'पुअरली डिफरन्शिएटेड', ग्रेड ३. अशा गाठी सहसा वेगाने वाढतात.

हे नुसतं नजरेने ठरवत नाहीत. नॉटिंगहॅम पद्धतीत तीन गोष्टींना १ ते ३ गुण देतात: नळ्या किती उरल्या, पेशीकेंद्रं किती बेढब झाली आणि किती पेशी विभागताना दिसतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर २, आणि ८ किंवा ९ आली तर ३.

समजा, रिपोर्टमध्ये ३ + २ + १ = ६ असं लिहिलंय. नळ्या दहा टक्क्यांहून कमी उरल्यात, केंद्रं मध्यम बेढब आहेत, पण विभागणाऱ्या पेशी थोड्याच आहेत. ही ग्रेड २. दुसऱ्या रुग्णाचे ३ + ३ + १ = ७, तरी ग्रेड तीच. म्हणून बेरजेपाशी थांबू नका, तिन्ही आकडे बघा.

सुईच्या बायोप्सीत गाठीचा छोटासा तुकडाच मिळतो. त्यात विभागणाऱ्या पेशी कमी सापडू शकतात आणि ऑपरेशननंतर ग्रेड वाढलेली दिसते. याचा अर्थ मधल्या काळात आजार बळावला असा नाही. नमुना फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, उशिरा पडला तरी विभागणाऱ्या पेशींचा आकडा खोटा कमी येतो. तेव्हा डबी तुमच्या हाती दिली असेल तर वाटेत कुठेही न थांबता थेट लॅबमध्ये आणा, आणि आत फॉर्मॅलिन आहे ना हे ऑपरेशन थिएटरमध्येच विचारून घ्या.

ग्रेड ३ मध्ये आजार उलटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून केमोथेरपीकडे कल वाढतो. पण अशा गाठी केमोला बऱ्याचदा चांगला प्रतिसादही देतात. एकट्या ग्रेडवर उपचार ठरत नाहीत. डॉक्टर तिच्यासोबत स्टेज, गाठ हार्मोनला प्रतिसाद देईल का हे सांगणारे ईआर-पीआर, पेशींवरचं हर-टू हे प्रथिन आणि रुग्णाचं वय-प्रकृती पाहतात. ग्रेड १ असून ईआर पॉझिटिव्ह असेल, काखेत काही नसेल, तर पुष्कळदा ऑपरेशननंतर हार्मोनच्या गोळ्या आणि गरजेप्रमाणे रेडिएशन एवढ्यावर भागतं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद पुरत नाही. स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आमच्याकडून मागून घ्या.